उपाशीपोटी साखर ९२, एचबीएवनसी ६.६. कोणतं खरं धरायचं?

जुळे_सोलापूर: बायकोचे रिपोर्ट आलेत, वय ४१. उपाशीपोटी साखर ९२ आणि एचबीएवनसी ६.६. खाली 'मधुमेह' असं छापलंय. हिमोग्लोबिन ८.८, तांबड्या पेशींचा आकार सांगणारा एमसीव्ही ६७, म्हणजे लहान. डॉक्टरांची वेळ गुरुवारची आहे. तोवर काय तपासून ठेवू?

भाकरी_शेंगाचटणी: सोपं आहे. उपाशीपोटी ठीक असते आणि जेवल्यावर चढते. एवनसी तीन महिन्यांचा हिशेब असतो, तो चुकत नाही. गोळी सुरू करा.

रक्तपेढीवाला: जेवल्यावर चढू शकते हे बरोबर, पण एवनसी चुकत नाही हे मान्य नाही. ६.६ म्हणजे सरासरी साखर १४३ च्या आसपास. उपाशीपोटी ९२ असताना सरासरी तिथे जायची तर जेवणानंतर साखर बरीच वर जायला हवी. तीन दिवस ग्लुकोमीटरवर जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजा.

जुळे_सोलापूर: जेवणाआधी ९० ते ९८. दोन तासांनी ११८, १२४, ११२. पाळीत रक्तस्राव खूप होतो.

अक्कलकोट_रोड: इतक्या रक्तस्रावाने वहिनींचं लोह कमी असेल. माझ्या वडिलांचं उलट आहे. उपाशीपोटी १५०, एवनसी ५.६, डायलिसिस चालू. म्हणजे त्यांनाही लोह कमी का?

रक्तपेढीवाला: नाही, ते वेगळं. डायलिसिसमध्ये तांबड्या पेशी लवकर मरतात आणि रक्तवाढीच्या इंजेक्शनने नव्या येतात. कोवळ्या पेशीवर साखर चिकटायला वेळच मिळत नाही, म्हणून आकडा खोटा कमी येतो. त्यांच्यासाठी मीटरचेच आकडे धरा.

वहिनींच्या बाबतीत लोह कमी असेल तर नव्या पेशी कमी बनतात. रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं आणि जुन्या पेशीवर साखर जास्त साठलेली असते. साखर न वाढताही एवनसी वर सरकतो. लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिन तपासणी करा. ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणीही डॉक्टरांना विचारा. दोन तासांनी १४० च्या आत असेल तर मधुमेह धरत नाहीत.

रक्त घरी येऊन घेतलं का? नळीतल्या पेशी साखर खात राहतात. आपल्याकडच्या उन्हात नमुना दोन तास डब्यात राहिला तर १०४ चे ९२ होऊ शकतात. म्हणून ग्लुकोजची चाचणी लॅबमध्ये जाऊनच करा.

जुळे_सोलापूर: हो, घरूनच नेलं. लॅबला कधी पोचलं ठाऊक नाही. आज फेरिटिन आलं, ६.

रक्तपेढीवाला: मग लोह अगदीच संपलंय. रक्तस्रावाचं कारणही स्त्रीरोगतज्ज्ञांकडून शोधा, नाहीतर लोह पुन्हा संपेल. लोहाची गोळी चहाबरोबर नको. एवनसी महिनाभरात परत करू नका. नव्या पेशींची लाट आली की तो आपोआप घसरतो आणि साखर सुधारली असं वाटतं. लोह भरून पेशी स्थिरावल्यावर, तीन-चार महिन्यांनी करा.

भाकरी_शेंगाचटणी: पण मग ६.६ मधलं किती लोहामुळे आणि किती खरं?

रक्तपेढीवाला: ते आज कुणी सांगू शकत नाही. एमसीव्ही ६७ आहे, त्यामुळे थॅलेसेमिया मायनर हा रक्ताचा आनुवंशिक दोषही डोक्यात ठेवा. पण त्याची तपासणी लोह भरल्यावर करा, कमी लोहात त्या दोषात वाढणारं एटू हिमोग्लोबिन दबलेलं दिसू शकतं.

जुळे_सोलापूर: गुरुवारी मीटरची वही आणि फेरिटिन घेऊन जातो. ग्लुकोजच्या चाचणीचे आकडे आले की इथेच टाकतो.