मदत हवी आहे: x² ठेवू की काढू?

परभणीजवळ आमच्या काळ्या रानात कपाशीचे एकेक गुंठ्याचे 12 तुकडे पाडले. एकरी नत्र 0, 20, 40, 60 किलो, प्रत्येक मात्रेला 3 तुकडे. सरळ रेषेची उर्वरित वर्गबेरीज 30 आली, x² घातल्यावर 18.

F = (30 − 18) / (18/9) = 6

5 टक्क्यांना तक्त्यात 5.12 आहे, म्हणजे वर्गपद टिकलं. पण 60 किलोच्या एका तुकड्यात बांधाकडेला आठवडाभर पाणी साचून पानं पिवळी पडली होती. तो वगळला तर बेरजा 23.86 आणि 16, F फक्त 3.93, हवा 5.32. टोकाच्या मात्रेवरचा तुकडा वक्राला फार ओढतो, हे कळतं. पाणी साचल्याची नोंद वेचणीआधीची आहे. तेवढ्यावर तो वगळणं रास्त का? की दोन्ही निकाल द्यावेत?