गर्भनिरोधक गोळी बंद केल्यावर चक्कर

«बाळासाठी गर्भनिरोधक गोळी थांबवली. झटक्यांवरची लॅमोट्रिजिन तेवढीच, तरी चक्कर येते, दोन-दोन दिसतं. लॅमोट्रिजिन सोडू का?»

ताई, सोडू नका! गर्भनिरोधक गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे लॅमोट्रिजिन शरीरातून लवकर बाहेर पडतं, रक्तातली पातळी निम्म्यावरही येते. ती गोळी थांबली की लॅमोट्रिजिनचा तोच डोस जास्त होतो. तुमची लक्षणं तशीच वाटतात. आजच न्यूरॉलॉजिस्टना फोन करा, डोस तेच ठरवतील. पातळीची तपासणी सांगितली, तर सकाळची लॅमोट्रिजिन न घेता घरून निघा, रक्त दिल्यावर लगेच घ्या. तो आकडा जपून ठेवा. गरोदरपणात पातळी पुन्हा घसरते, झटके तेव्हाच उसळतात. डोस किती वाढवायचा ते त्यावरून कळतं. आणि पाचेक दिवस लॅमोट्रिजिन चुकलीच, तर पूर्ण डोसने सुरू करू नका, अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं.