अनुभव सांगा: माल विकायच्या आधी नाव कसं तपासलंत?

मालवणवाली: आमचा बचत गट आहे. मोरी म्हणजे आमच्याकडे शार्क मासा, त्याच्या मटणाला लागतो तो मसाला पाकिटातून विकायचा ठरला, नाव 'मोरी मसाला', मालवणात कुणाला समजवायची गरजच नाही. 500 लेबलं छापली. पुण्याच्या प्रदर्शनात पहिलीच बाई पाकीट उचलून म्हणाली, "मोरी? बाथरूमातली?" आणि खाली ठेवलं. बाजूच्या स्टॉलवरचा हिंदीवाला तर हसतच सुटला, त्यांच्याकडे मोरी म्हणजे नाली. दुसरं नाव अजून ठरायचंय, तुमचे अनुभव लिहा.

दापोलीकर: ताई, ट्रेडमार्क केलात का? मसाल्याचा क्लास 30, ऑनलाइन अर्ज करता येतो.

मालवणवाली: दादा, नाव आधीच कुणी घेतलंय का हा प्रश्न नाहीये, लोक नाक मुरडतायत हा आहे.

खारेपाटण: एवढं काय, शब्दकोश बघायचा, पाच मिनिटांचं काम.

लेबलछापणारा: शब्दकोशात नाली सापडेल, कबूल. पण पाकीट बघून माणसाच्या मनात आधी काय येतं ते त्यात नसतं. मी रत्नागिरीत लेबलं छापतो, गिऱ्हाइकाला आधी हे करायला लावतो: कोऱ्या कागदावर नुसतं नाव, माल काय ते सांगायचं नाही, आणि "हे काय असेल?" एवढंच विचारायचं. "नाव बरंय का" विचारलं की सगळे हो म्हणतात. चार-पाच जण कोकणाबाहेरचे मराठी, तेवढेच हिंदीवाले आणि तेवढेच इंग्रजी मीडियमची पोरं. दोघांच्या तोंडून एकच वाईट अर्थ आला की मी नाव बदला म्हणतो.

आणि देवनागरीचा कागद वेगळा, इंग्रजीचा वेगळा, कारण इंग्रजीत ऱ्हस्व-दीर्घ उरत नाही. एकाने कोकम सरबताला 'शीत' नाव आणलेलं, स्पेलिंग एस-एच-आय-टी! डबल ई घाला म्हटलं तर झालं शीट, म्हणजे पत्रा. बरं, आपल्याकडे शीत म्हणजे भाताचं, ते सरबतात कशाला? शेवटी नावच सोडलं त्याने.

वेंगुर्ल्याची सून: माझ्या सासूबाई म्हणतात नाव बदलू नका, खाणाऱ्याला कळतंय ना!

मालवणवाली: गटात पण हेच भांडण. 'मुशी मसाला' केलं तर? मासा तोच, मुंबईत मुशीच म्हणतात.

लेबलछापणारा: इंग्रजीवाला 'मशी' वाचेल, म्हणजे गिळगिळीत, पिचपिचीत. माशाच्या मसाल्याला हे तर आणखी वाईट.

मालवणवाली: अरे देवा. आणि सरळ 'शार्क मसाला'?

खारेपाटण: पाकिटावर हिरवा ठिपका आणि वर शार्क? शाकाहारी माणूस हात लावायचा नाही.

मालवणवाली: मसाल्यात मासा नाहीच ओ, नुसती मिरची, धणे नि गरम मसाला! पुढच्या शनिवारी गटाची बैठक आहे, तिथे कोरे कागद घेऊन जाते. उरलेल्या 430 लेबलांचं काय करू ते पण सांगा कुणीतरी.