इंट्राडेचा तोटा म्हणजे काय चिंचोके?

बदलापूर लोकल
आयकरवाल्यांचा माज बघा. गेल्या वर्षी इंट्राडेत माझे 1,84,000 बुडाले. एफ अँड ओत, म्हणजे फ्युचर-ऑप्शनच्या सौद्यांत, 1,10,000 मिळाले आणि एफडीचे 40,000 व्याज आले. म्हणजे पगार सोडला तर मी 34,000 नी खड्ड्यात. तरी सीए म्हणतो, दीड लाखावर कर भर. किराणा दुकानदाराचा तोटा तो तोटा, आणि आमचा काय चिंचोके? कारण सांगा, उपदेश नको.

जुना मुनीम
दरवर्षी रिटर्नच्या हंगामात हे रडगाणे कोणीतरी लावतेच, म्हणून आज सविस्तर लिहितो. तुमचा सीए बरोबर आहे. तुम्ही 20 टक्क्यांत असाल तर सेस धरून त्या दीड लाखावर 31,200 होतात. भरून टाका.

तुमचा तोटा चिंचोके नाही, पण त्याची चूल वेगळी आहे. शेअर घेतला आणि त्याच दिवशी विकला, डिमॅटला काहीच आले नाही, नुसता फरक खात्यात पडला, की तो सट्टा. कलम 43(5) एवढेच विचारते की माल हातात आला का. तुम्ही चार्ट किती तास पाहिलात, पद्धत किती शास्त्रीय होती, याच्याशी त्याला घेणेदेणे नाही. त्या चुलीवर करपलेले त्याच चुलीवरच्या नफ्यातून भरून काढायचे. एफ अँड ओ दुसऱ्या चुलीवर आणि एफडी तर घराबाहेर.

आता तुमचेच आकडे उलटे करून बघा. समजा एफ अँड ओत 1,84,000 गेले असते आणि इंट्राडेत 1,10,000 मिळाले असते. मग तो तोटा आधी इंट्राडेचा सगळा नफा गिळतो, वर एफडीचे 40,000 गिळतो, आणि उरलेले 34,000 पुढची 8 वर्षे धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतात. पगाराला मात्र हात लागत नाही. म्हणजे खिशातून गेले तेवढेच पैसे, पण कर शून्य आणि 34,000 ची शिदोरी. साध्या धंद्याचा तोटा सट्ट्याच्या नफ्यातून वळवता येतो, सट्ट्याचा तोटा साध्या धंद्याकडे वळत नाही. फाटक एकाच बाजूला उघडते.

बदलापूर लोकल
आकडे मलाही येतात हो. प्रश्न 'का' असा होता. एफ अँड ओ म्हणजे तर इंट्राडेच्या बापाचा सट्टा. निफ्टीचा ऑप्शन घेऊन कोणी निफ्टी घरी नेतो का? तिथे डिलिव्हरी कुठली?

जुना मुनीम
हा मुद्दा मान्य करावा लागतो, चरफडत. तर्काने पाहिले तर तोही सट्टाच. पण 2005 च्या अर्थसंकल्पाने मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरच्या डेरिव्हेटिव्हला अपवाद दिला आणि इंट्राडेला दिला नाही. वर त्याच वर्षी सट्ट्याचा तोटा पुढे न्यायची मुदत 8 वरून 4 वर्षांवर आणली. एका मुलाला लाडू, दुसऱ्याला धपाटा.

आडत गल्ली
लातूरहून लिहितोय. तुमचा तोटा आमच्या तोट्याच्या पंगतीला बसवू नका एवढीच विनंती. मी सोयाबीन घेतो तेव्हा हमाली देतो, तोलाई देतो, गोदामाचे भाडे देतो, उंदरांना त्यांचा हिस्सा देतो. भाव पडला की माल डोळ्यासमोर असतो आणि झोप लागत नाही. तुम्ही एसी लोकलमध्ये बसून अंगठ्याने सौदे करणार आणि दुपारी साडेतीनला विसरून जाणार. कायद्यानेच याला सट्टा म्हटले आहे. सट्टा म्हणजे जुगार, विषय संपला.

फटकळ
विषय संपला नाही, काका. लॉटरीत हरलात तर तो तोटा सरकार कागदावरसुद्धा धरत नाही. क्रिप्टोचा तोटा तर दुसऱ्या क्रिप्टोच्या नफ्यातूनही वजा होत नाही. इंट्राडेला निदान धंदा तरी म्हटले आहे. ब्रोकरेज, एसटीटी, इंटरनेटचे बिल, सगळा खर्च दाखवता येतो. जुगाराला खर्च दाखवू देतात का?

आडत गल्ली
धंदा म्हटले तर मग वेगळी चूल कशाला? आणि माल हातात आल्याशिवायचा प्रत्येक सौदा सट्टा, हे मुनीमसाहेबच म्हणाले.

जुना मुनीम
प्रत्येक नाही. तुमच्यासाठीच तर अपवाद आहे. गोदामात सोयाबीन पडले आहे आणि भाव पडायच्या भीतीने तुम्ही वायद्यात विकून ठेवले, तर तो सौदा डिलिव्हरीशिवाय मिटला तरी सट्टा नाही. ती मालाची राखण झाली.

आडत गल्ली
कुठला वायदा, साहेब? डिसेंबर 2021 मध्ये सेबीने सोयाबीनचा वायदा बंद केला. हरभऱ्याचा बंद, मोहरीचा बंद, मुगाचा बंद. एक वर्षासाठी म्हणाले आणि मग मुदतवाढीवर मुदतवाढ. ज्याच्याकडे माल आहे त्याची राखण बंद आणि ज्याच्याकडे फक्त मोबाईल आहे त्याचा बाजार रोज सव्वानऊला उघडा. यावर कोणी धागा काढत नाही.

फटकळ
काका, धागा इंट्राडेचा आहे.

आडत गल्ली
असू द्या. पेरणीच्या वेळी पूर्वी आम्ही स्क्रीनवर काढणीच्या महिन्याचा भाव बघायचो. शेतकरी दुकानात येऊन विचारायचा, तेव्हा काहीतरी सांगता यायचे. आता विचारतो तेव्हा मी आभाळाकडे बोट दाखवतो.

पेरते व्हा
तो वायदाच भाव पाडायचा, काका. मी शेतकरी आहे. आमचा माल बाजारात यायच्या वेळीच बरा खाली यायचा. बंद झाला ते बरे झाले.

आडत गल्ली
बंद झाल्यावर वाढला का मग? हमीभावाच्या वर किती दिवस राहिला, सांगा. काठी घेऊन मारायला धावलात आणि साप दुसऱ्याच बिळात.

पेरते व्हा
आमच्या तोट्याचे तर बोलूच नका. शेतीच्या उत्पन्नाला कर नाही म्हणून शेतीचा तोटाही कुठे वजा होत नाही. बदलापूरवाल्याला 4 वर्षे तरी मिळाली. आम्हाला पुढचा पाऊस मिळतो.

बदलापूर लोकल
अरे माझा धागा कुठे गेला? सोयाबीनच्या गंजीत हरवला.

सईची आई
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. माझ्याकडे एका कंपनीचे 200 शेअर होते, 610 ने घेतलेले. मार्चमध्ये भाव 430. दुसऱ्या शेअरात मला 40,000 चा शॉर्ट टर्म नफा झाला होता. व्हिडिओत ऐकले की पडलेले शेअर विकायचे, तोटा नोंदवायचा आणि लगेच परत घ्यायचे. मी सकाळी 430 ला विकले, अर्ध्या तासाने 432 ला परत घेतले. 36,000 चा तोटा दिसेल असे वाटले. ब्रोकरच्या रिपोर्टात आला 400 रुपयांचा, आणि तोही 'स्पेक्युलेटिव्ह' रकान्यात. त्यांची चूक आहे ना? मी तर इंट्राडे कधी करतच नाही.

फटकळ
ताई, केलेत की. त्या दिवशी.

जुना मुनीम
त्यांना हसू नका, फार लोक यात फसतात. एकाच खात्यात, एकाच एक्स्चेंजवर, एकाच दिवशी तेवढेच शेअर विकले आणि घेतले तर दोन्ही सौदे एकमेकांत मिटतात. डिमॅटमधून तुमचे जुने 200 शेअर हललेच नाहीत. म्हणून 610 चा भाव हिशेबात आलाच नाही, फक्त 432 आणि 430 मधला फरक आला. आज विकून उद्या घेतले असते तर शेअर खरोखर गेले असते आणि 36,000 नोंदले गेले असते. एका रात्रीत भाव वर जायची जोखीम तेवढी राहते. यंदा त्या 40,000 वर कर भरा. 400 रुपयांसाठी मात्र आयटीआर-3 भरावा लागेल, कारण आता तुमच्याकडे 'धंदा' आला.

सईची आई
400 रुपयांसाठी माझा धंदा? सासूबाईंना सांगते, खूश होतील.

बदलापूर लोकल
बघा. हा छळ नाही तर काय? आणि 'का'चे उत्तर अजून आलेले नाही.

जुना मुनीम
आमच्या धंद्यातले कारण सांगतो, आवडणार नाही. पूर्वी तोटा विकत मिळायचा. मार्चअखेरीस एखाद्या गिरणीवाल्याचा नफा फुगला की दलाल त्याच्या नावाने मागच्या तारखेचे, माल न हललेले, तोट्याचे सौदे लिहून द्यायचा. तोटा कागदावर, दलालाला कमिशन, सरकारला ठेंगा. माल हलला की गोदामात, रेल्वेच्या पावतीवर, कुठेतरी माग राहतो. फरकाच्या सौद्याला फक्त वही. म्हणून भिंत घातली, 1961 च्या आयकर कायद्याच्याही आधी.

बदलापूर लोकल
आता वही कुठे आहे? प्रत्येक सौद्यावर सेकंदाचा शिक्का असतो. मागची तारीख घालून दाखवा.

जुना मुनीम
मागची तारीख नाही घालता येत. पण 2014-15 मध्ये बीएसईवर ज्यांना कोणी विचारत नाही अशा स्टॉक ऑप्शन्समध्ये दोन खात्यांनी एकमेकांशी सौदा करायचा आणि लगेच उलटा करायचा, एकाला ठरवून नफा, दुसऱ्याला ठरवून तोटा, असे प्रकार सेबीने हजारो खात्यांत पकडले. शिक्के सगळ्यांवर होते.

फटकळ
पण मुनीमजी, ते ऑप्शन्स होते! म्हणजे ज्याला भिंतीतून दार काढून दिले त्याच खोलीत चोर सापडला, आणि तुम्ही शेजारच्या खोलीला कुलूप का हवे ते पटवताय.

जुना मुनीम
…हे बरोबर आहे. मी म्हणतो तो भिंत घालण्यामागचा इतिहास. ती आज तिथेच असावी असे मी म्हटलेले नाही.

आडत गल्ली
मुनीम हरले! पेढे वाटा. माझे मत तरी तेच. सेबीनेच 2024 मध्ये सांगितले ना, 2022-23 मध्ये इंट्राडे करणाऱ्या दहातले सात तोट्यात? तो सगळा तोटा पगारातून वजा होऊ दिला तर तुमच्या हौसेचे पैसे आम्ही भरायचे.

बदलापूर लोकल
पगारातून वजा करा असे मी म्हणालोच नाही. एफ अँड ओच्या नफ्यातून करू द्या. एकच ॲप, एकच ब्रोकर, एकच स्क्रीन. असो. 1,84,000 पुढे नेतो. 2024-25 चा तोटा आहे, कधीपर्यंत चालेल?

जुना मुनीम
2028-29 पर्यंतच्या इंट्राडे नफ्यातून. कलमांचे आकडे 2025 च्या नव्या कायद्यात बदलले, मुदत तीच. पण रिटर्न मुदतीत भरले होते ना? उशिरा भरलेल्या रिटर्नमधला तोटा पुढे जात नाही.

बदलापूर लोकल
सीएने अजून भरलेच नाही. म्हणाला, दंड भरून डिसेंबरपर्यंत चालते.

जुना मुनीम
रिटर्न चालते. तोटा नाही चालत.

फटकळ
आता मात्र खरोखर चिंचोके.

आडत गल्ली
सोयाबीनच्या वायद्याबद्दल कोणाला काही माहिती असेल तर टाका. वेगळा धागा काढू का?