‘सरफॅक्टंट’ला मराठीत काय म्हणावं?

लेखणी
अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आईवडिलांसाठी एक पुस्तिका मराठीत करते आहे. वाक्य असं आहे: ‘२७ आठवड्यांच्या बाळाच्या फुफ्फुसात सरफॅक्टंट पुरेसं नसतं, म्हणून वायुकोश मिटतात.’ मी ‘फुफ्फुसातलं वंगण’ लिहिलं, ते तपासणीत खोडलं गेलं. का, ते कळलं नाही. योग्य शब्द सुचवा.

रसायन
शब्द तयार आहे: पृष्ठसक्रियक. मूळ शब्दही ‘सरफेस अ‍ॅक्टिव्ह एजंट’ याची काटछाट करूनच झालाय. कपड्यांची पावडर, शांपू, भांड्यांचा साबण, सगळ्यांत हेच. रेणूचं एक टोक पाण्याकडे, दुसरं तेलाकडे, म्हणून मळ सुटतो. तुमच्या वाक्यात ‘फुफ्फुस स्वच्छ ठेवणारं द्रव्य’ चालेल.

पाळणाघर
नाही, स्वच्छतेशी इथे संबंध नाही. रसायन यांनी रेणूचं वर्णन अचूक केलंय, पण फुफ्फुसात मळ काढायचा नसतो. वायुकोशाच्या आतून पाण्याचा पातळ थर असतो आणि त्याचा पृष्ठताण कोशाला आत ओढत असतो. सरफॅक्टंट त्या थरावर पसरून ही ओढ कमी करतं.

वंगण का खोडलं तेही यातूनच कळेल. वंगण दोन घासणाऱ्या पृष्ठांमध्ये असतं. इथे घासणारं काही नाही, एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला पाणी आहे. वंगण वाचून पालकांना वाटेल की फुफ्फुस कोरडं पडलंय.

फुगेवाला
म्हणजे साबणाच्या पाण्याचा फुगा टिकतो तसंच ना? पाण्याचा ताण कमी झाला की कोश उघडा राहतो. मग ‘फुफ्फुसातला साबण’ लिहा, कुणालाही कळेल.

पाळणाघर
अर्धं बरोबर. ताण कमी होतो, पण ताण *किती* आणि *कधी* कमी होतो यावर सगळं अवलंबून आहे. थोडी आकडेमोड करू.

कोश मिटू नये म्हणून आतून लागणारा दाब: P = 2T/r. T म्हणजे पृष्ठताण, r म्हणजे त्रिज्या. त्रिज्या ०.०५ मिलिमीटर धरा. शरीराच्या तापमानाला पाण्याचा ताण मीटरला साधारण ७० मिलिन्यूटन. मग लागणारा दाब पाण्याच्या सुमारे २८ सेंटिमीटर स्तंभाइतका येतो. नाकातून सतत दाब देणाऱ्या यंत्रावर बाळाला साधारण ५ ते ८ सेंटिमीटर देतात, म्हणजे २८ किती मोठा ते दिसेल. ताण २५ वर आणला तर गणित १० सेंटिमीटरवर येतं. आता त्रिज्या निम्मी करा, म्हणजे लहान बाळाची लहान पिशवी: लागणारा दाब दुप्पट.

खरी अडचण इथे आहे. श्वास सोडताना कोश लहान होतो, त्रिज्या घटते, म्हणजे दाब वाढायला हवा. साबण एका मर्यादेपर्यंत ताण कमी करतो आणि तिथेच थांबतो, त्यामुळे कोश लहान होत गेला की तो मिटणारच. फुफ्फुसातलं द्रव्य वेगळं वागतं. कोश आकसला की त्याचे रेणू एकमेकांना दाटून बसतात आणि ताण जवळजवळ शून्यावर जातो. श्वास घेताना ते परत पसरतात. शिवाय साबण पेशींची पटलं फोडतो, तेव्हा पालकांच्या पुस्तिकेत तो शब्द नकोच.

लेखणी
आता चित्र दिसलं. मग अपुऱ्या दिवसांच्या बाळात ते नसतं का? बनतच नाही, की बनतं आणि वाया जातं?

पाळणाघर
मुख्यतः बनवणारी यंत्रणाच अजून उभी राहिलेली नसते. ‘टाइप दोन’ म्हणतात त्या पेशी हे द्रव्य तयार करून थराथरांच्या पुडक्यांत साठवतात. ही पुडकी साधारण २४ आठवड्यांच्या आसपास दिसू लागतात, पण बहुतेक बाळांत पुरेसा साठा ३४–३५ आठवड्यांपर्यंतच होतो. पूर्ण दिवसांच्या बाळात किलोमागे सुमारे १०० मिलिग्रॅम असतो, ते कमी पडून श्वासाचा त्रास होणाऱ्या बाळात १० पेक्षाही कमी.

आणि जे थोडं असतं तेही बिघडतं. कोश मिटत-उघडत राहिले की त्यांच्या भिंतींना इजा होते, रक्तातली प्रथिनं आत झिरपतात आणि त्या थोड्या द्रव्याला निकामी करतात. म्हणून बाळ पहिले दोन दिवस खालावतं. पुढे त्याच्या पेशी हळूहळू जास्त बनवू लागतात आणि तिसऱ्या दिवसाच्या सुमाराला बऱ्याचदा उतार पडतो.

एक शब्द जपून वापरा. २७ आठवड्यांना असतात त्या खरे वायुकोश नव्हेत. जाड भिंतींच्या साध्या पिशव्या असतात, कोश पुढे तयार होतात. मी ‘हवेच्या सूक्ष्म पिशव्या’ लिहीन.

उत्तरा
माझ्या बहिणीचं बाळ ३८ आठवड्यांचं, सिझेरियनचं. जन्मल्याबरोबर भराभर श्वास घेत होतं, दोन दिवसांत बरं झालं. तेव्हा आम्हाला कुणी सरफॅक्टंटचं नावही सांगितलं नाही. राहून गेलं असेल का?

पाळणाघर
उत्तराताई, तुम्ही सांगताय ते बहुधा वेगळंच. जन्माआधी फुफ्फुस द्रवानं भरलेलं असतं. तो शोषायला उशीर झाला की श्वास भराभर चालतो आणि एकदोन दिवसांत आपोआप कमी होतो. तिथे द्रव्य बाहेरून द्यायची गरज सहसा पडत नाही. लेखणी यांनी हे दोन प्रकार पुस्तिकेत वेगळे ठेवावेत, पालकांची इथेच गल्लत होते.

लेखणी
बाहेरून देतात त्याचं वाक्य कसं करू? मूळ मजकूर ‘डोस’ म्हणतो.

रसायन
मी आधी चुकीच्या बाजूने गेलो, मान्य. पण माझ्या क्षेत्रातून एक प्रश्न: या द्रव्यातला मुख्य मेद शुद्ध स्वरूपात बनवता येतो, मग तोच का देत नाहीत?

पाळणाघर
१९६० च्या दशकात तोच मेद फवाऱ्याने देऊन पाहिला, उपयोग झाला नाही. एकट्याने तो पृष्ठावर वेगाने पसरत नाही, त्यासाठी सोबतची प्रथिनं लागतात. १९८० मध्ये जपानात फुजिवारांनी गायीच्या फुफ्फुसापासून बनवलेलं द्रव्य १० बाळांच्या श्वासनलिकेत दिलं, तेव्हा फरक दिसला.

वाक्यासाठी हिशोब असा. १ किलो वजनाच्या बाळाला डुकराच्या फुफ्फुसापासून बनवलेल्या एका औषधाचा पहिला डोस २०० मिलिग्रॅम, म्हणजे २.५ मिलिलिटर. श्वासनलिकेतली नळी किंवा बारीक कॅथेटर यांतून ते आत सोडतात. ‘पाजतात’ किंवा ‘टोचतात’ लिहू नका. ‘श्वासनलिकेत देतात’ एवढं पुरे.

निओ_सिस्टर
लक्षणांचे शब्दही बघा. श्वास सोडताना बाळ ‘अं… अं…’ असा आवाज करतं, आम्ही त्याला कण्हणं म्हणतो. बाळ कंठ अर्धवट मिटून हवा आत अडकवून ठेवतं, कारण ती सुटली तर पिशव्या मिटतील. सोबत बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते. ‘रडणं’ लिहिलंत तर आई त्याला भूक समजेल.

डोस कधी द्यावा यावर मात्र आमच्याकडेही एकमत नाही. काही जण ऑक्सिजनची गरज ३० टक्क्यांच्या वर गेली की देतात, काही जण थोडं थांबतात.

लेखणी
मग वाक्य असं: ‘फुफ्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्या श्वास सोडताना मिटू नयेत म्हणून शरीर आतल्या पाण्याच्या थरावर एक द्रव्य पसरवतं, त्याला सरफॅक्टंट म्हणतात. २७ आठवड्यांच्या बाळात ते अजून पुरेसं बनत नाही.’ शब्द तसाच ठेवला, काम मराठीत सांगितलं.

रसायन
मी ‘पृष्ठसक्रियक’ सोडायला तयार नाही, निदान पुढे एकदा यायला हवा.

पाळणाघर
केसपेपरवर पालकांना ‘सरफॅक्टंट’च दिसेल. तो शब्द ओळखीचा करून देणं मला जास्त कामाचं वाटतं. कण्हण्याचं वाक्य मात्र सिस्टरांनी सांगितलं तसंच ठेवा.