पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे

“माझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३.८; २५ च्या आतच. मग डॉक्टर पोट कशाला मोजायला सांगतात?”

कारण २५ ची रेघ मुख्यतः युरोपीय लोकांच्या आकड्यांवरून आली. तेवढ्याच बीएमआयला आपल्या अंगात स्नायू कमी, चरबी जास्त, आणि तीही पोटात. म्हणून भारतात २३ पासूनच वजन जास्त धरतात.

आमचे खानापूरचे मामा बघा. उंची १६५ सेंमी, वजन ६४ किलो, बीएमआय २३.५. हातपाय काटकुळे. “पँट ३४ ची लागते, पोट कुठाय?” म्हणायचे. ३४ इंच म्हणजे ८६ सेंमी खरं, पण पट्टा पोटाखाली! शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून टेप लावली तर भरले ९३. (पोट आत ओढायला गेले, मी थांबवलं.) आपल्याकडे मर्यादा पुरुषांना ९०, बायकांना ८०. कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी, म्हणजे मामांची ८२.५ च्या आत. दोन्हीकडे नापास.

उपाशीपोटी साखर १३८ निघाली. १२६ पासून मधुमेह धरतात, म्हणून पुन्हा तपासली, तरी तेच. टेप फक्त धोका दाखवते, निदान रक्तावरच. आणि गरोदरपणात किंवा पोटात पाणी झालं असेल तर हे माप धरू नका.