मदत हवी आहे: टॉवर लॅम्पचा लाल दिवा कॅमेऱ्यात पिवळा येतोय (रास्पबेरी पाय, छोटा रोबोट)

भोसरी_जॉबवर्क

नमस्कार. भोसरी एमआयडीसीत आमचं लहान युनिट आहे, तीन व्हीएमसी आणि एक टर्निंग सेंटर. रात्रपाळीला एकच ऑपरेटर असतो. तो एका मशीनवर जॉब लावत असताना पलीकडचं मशीन अलार्मला जाऊन उभं राहतं आणि त्याला पत्ता लागत नाही. त्यासाठी चार चाकांचा छोटा रोबोट केलाय. तो मशीनसमोर थांबतो, वरचा टॉवर लॅम्प बघतो आणि ऑपरेटरच्या फोनवर मेसेज टाकतो. लॅम्पच्या वायरीतून सिग्नल घेणं सोपं होतं, पण दोन मशीन वॉरंटीत आहेत, पॅनेल उघडता येत नाही.

पाय ४, कॅमेरा मॉड्यूल ३, Picamera2 आणि OpenCV वापरतोय. हिरवा बरोबर ओळखला जातो. पिवळा म्हणजे सायकल संपली आणि लाल म्हणजे अलार्म, नेमके हेच दोन एकमेकांत मिसळतात. लाल पेटलेला असताना फ्रेम मोठी करून पाहिली तर मधोमध जवळजवळ पांढरं, भोवती पिवळसर आणि अगदी कडेला लाल रेघ दिसते. आतल्या एका पिक्सेलचं BGR (140, 215, 255) आलं, म्हणजे ह्यू २०. पिवळ्यासाठी मी १० ते २५ ही रेंज ठेवलीय, त्यामुळे लाल तिच्यात जातो. रेंज किती ठेवू?

ईटीसी_निखिल

दादा, OpenCV मध्ये ह्यू ० ते १७९ असतो आणि लाल दोन्ही टोकांना येतो. म्हणून ० ते ८ आणि १७२ ते १७९ असे दोन मास्क करून जोडा. शिवाय Picamera2 मध्ये "RGB888" फॉरमॅट घेतला की ॲरे प्रत्यक्षात BGR क्रमाने मिळतो. तुम्ही त्यावर परत RGB मधून BGR करत असाल तर रंग उलटे होतील. माझ्या मते तेच झालंय.

भोसरी_जॉबवर्क

दोन मास्क आहेतच. फॉरमॅटही तपासला, लाल चिंधी कॅमेऱ्यासमोर धरली तर लालच दिसते.

सिंहगडरोड_७२

मी कारच्या डॅशकॅमवर सिग्नल ओळखायचा प्रयत्न करतोय. स्वारगेटच्या चौकात संध्याकाळी समोरच्या गाड्यांचे ब्रेक लाइट सगळे लाल सिग्नल म्हणून येतात. तुम्ही सरळ मॉडेल ट्रेन करा, सिग्नलच्या फोटोंचे तयार डेटासेट मिळतात.

चाकण_व्हिजन

सिंहगडरोड, तुमच्याकडे सिग्नल कुठे आहे हेच आधी शोधावं लागतं. यांचे चारही लॅम्प जागचे हलत नाहीत, त्यामुळे इथे मॉडेलची गरज नाही.

निखिलने सांगितलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण क्रम उलटला असता तर लाल निळा दिसला असता, पिवळा नाही. इथे एक्स्पोजर जास्त होतंय. शेडमध्ये उजेड कमी, म्हणून कॅमेरा आपोआप एक्स्पोजर वाढवतो. त्यात एलईडीचा लाल चॅनेल २५५ ला जाऊन अडकतो. सेन्सरवरच्या हिरव्या फिल्टरमधूनही थोडा लाल प्रकाश आत जातोच, आणि लाल अडकला तरी हिरवा चढत राहतो. म्हणून ह्यू लालकडून पिवळ्याकडे सरकतो, आणखी वाढवलं तर पांढरा होतो. तुमच्या पिक्सेलमध्ये R बरोबर 255 आहे, तिथेच ते कळतं. रेंज कितीही बदलली तरी असा पिक्सेल सुटणार नाही, कारण खरा पिवळाही तिथेच येणार.

ऑटो बंद करा आणि एक्स्पोजर इतकं खाली आणा की पेटलेल्या दिव्यात एकही चॅनेल २५५ ला टेकणार नाही. बाकी फ्रेम काळीकुट्ट दिसेल, दिसू दे.

```python
picam2.set_controls({
    "AeEnable": False, "AwbEnable": False,
    "ExposureTime": 1000,   # मायक्रोसेकंद
    "AnalogueGain": 1.0,
    "ColourGains": (1.8, 1.6)})
```

ColourGains चे आकडे तुमच्या शेडमध्ये ऑटो चालू असताना मेटाडेटातून वाचून घ्या आणि तेच कायम ठेवा.

भोसरी_जॉबवर्क

साहेब, फरक लगेच पडला. लालचा पिक्सेल आता (28, 40, 210), ह्यू २. पिवळा (20, 120, 220), ह्यू १५. मधे भरपूर जागा राहिली.

पण लॅम्प शोधायला मशीनवर अरुको मार्कर चिकटवलाय, तो या काळ्या फ्रेममध्ये दिसत नाही.

चाकण_व्हिजन

दोन एक्स्पोजर घ्या. रोबोट थांबला की आधी नेहमीच्या एक्स्पोजरला मार्कर शोधा, त्यावरून तिन्ही खणांचे चौकोन ठरवा, मग एक्स्पोजर उतरवून ते चौकोन वाचा. इथे एक अडचण येते. set_controls दिल्यावर पुढच्या काही फ्रेम जुन्याच एक्स्पोजरच्या येतात. capture_request() ने फ्रेम आणि तिचा मेटाडेटा एकत्र घ्या, आणि त्यातलं ExposureTime हजाराच्या आसपास आल्याशिवाय फ्रेम वापरू नका.

मार्कर दारावर असेल तर काढून लॅम्पच्या दांड्याजवळ लावा. लॅम्प दारापेक्षा मागे असतो, त्यामुळे रोबोट थोडा तिरका थांबला तरी चौकोन बाजूला सरकतो.

एवढं झालं की निर्णय जागेवरून घ्या, रंग पडताळणीला ठेवा. वरचा खण लाल, मधला पिवळा, खालचा हिरवा असेल तर कोणता खण उजळलाय एवढंच बघायचं. खण वरचा आणि ह्यू १५ असं आलं तर "माहीत नाही" कळवा. तिन्ही अंधारात असले तरी तेच, हिरवा धरून चालू नका. अलार्मच्या बाबतीत हे मी फार जपतो.

ईटीसी_निखिल

मग तीन खणांतला सर्वात उजळ निवडला की झालं ना?

भोसरी_जॉबवर्क

नाही चालणार. आमच्या टर्निंग सेंटरवर लाल आणि पिवळा कधी कधी एकदम लागतात.

चाकण_व्हिजन

बरोबर. प्रत्येक खणाची तुलना त्याच्याच विझलेल्या अवस्थेशी करा. विझलेला लाल २५-३० देत असेल आणि पेटलेला २१०, तर मधे कुठेही रेघ मारा.

लुकलुकणारा दिवा असेल तर एका फ्रेमवर विसंबू नका. साधारण सेकंदाला एकदा लुकलुकत असेल तर दोन सेकंद फ्रेम घेत राहा आणि प्रत्येक खणाचा त्या वेळातला सर्वात उजळ आकडा धरा. लॅम्प २४ व्होल्ट डीसीवर असेल तर बहुधा एवढं पुरेल. एसीवर असेल तर १०० हर्ट्झची फडफड असू शकते. तेव्हा एक मिलिसेकंदाच्या फ्रेममध्ये दिव्यावर काळे आडवे पट्टे दिसतील. तसं झालं तर एक्स्पोजर १०००० करा आणि लेन्ससमोर एनडी फिल्टर लावून उजेड कमी करा. मार्करच्या फ्रेमचं एक्स्पोजर मग त्या मानाने वाढवावं लागेल.

भोसरी_जॉबवर्क

पट्टे नाहीत, चारही लॅम्प डीसीवरच आहेत. रात्री आता चारही मशीन नीट वाचतोय.

एक राहिलंय. आमच्या छताला मधे पारदर्शक पत्रे आहेत. दुपारी टर्निंग सेंटरच्या लॅम्पवर थेट ऊन येतं, तेव्हा विझलेला हिरवा खण १४० च्या वर जातो आणि पेटल्यासारखा वाटतो. ह्यूही हिरवाच, कारण काचच हिरवी. दिवसपाळीला माणसं असतात, पण रविवारी दुपारीही मशीन चालतं.

चाकण_व्हिजन

तिथे सॉफ्टवेअरने खात्रीचं उत्तर मिळेल असं मला वाटत नाही. लॅम्पवर छोटी छत्री करता येईल का बघा, काळ्या पत्र्याची, वरून आणि खिडकीच्या बाजूने. सिग्नलच्या दिव्यांना असते तशी.

सिंहगडरोड_७२

छत्री लावूनही सकाळी तिरपं ऊन आत येतं, आमच्या चौकातल्या सिग्नलला येतंच. ज्या वेळात ऊन येतं त्या वेळात त्या मशीनचा हिरवा मानूच नका, असं करता येईल का?

भोसरी_जॉबवर्क

करता येईल, पण ऊन येण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलते. पत्र्याचं माप उद्या घेतो. कुणी एकाच जागी ऊन असताना आणि नसताना विझलेल्या खणाचे आकडे नोंदवले असतील तर कृपया इथे टाका.